मदत, मौन आणि मान्यता : अंबाल्याच्या खटल्यापासून आजच्या ‘कटा’पर्यंत

वर्तमानपत्रात ‘कट रचल्याच्या आरोपाखाली अटक’ ही ओळ आपण इतक्या वेळा वाचतो की तिचा नेमका अर्थ काय, हे विचारायचे राहून जाते. ज्याने गोळी झाडली नाही, स्फोट केला नाही, जो घटनेच्या ठिकाणी नव्हताच, त्याला कायदा गुन्हेगार कधी मानतो? पैसे देणे पुरेसे आहे का? माहीत असून गप्प बसणे? की नुसते ‘हो’ म्हणणे?

या प्रश्नांची कायद्यातली उत्तरे एका दिवसात तयार झालेली नाहीत. ती टप्प्याटप्प्याने घडली आणि त्या घडणीत एकोणिसाव्या शतकातल्या मुसलमानांवरच्या खटल्यांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे ‘वहाबी खटले’ म्हणून त्यांचा ओझरता उल्लेख होतो. माझ्या मते ते इतिहासाइतकेच कायदा समजून घेण्यासाठीही वाचायला हवेत.

ठाणेसरचा अर्जनवीस

सय्यद अहमद बरेलवी १८३१ साली बालाकोटच्या लढाईत शीख फौजेशी लढताना मारले गेले. त्यांचे अनुयायी मात्र वायव्य सरहद्दीवरच्या डोंगराळ मुलखात टिकून राहिले. पुढे पंजाब इंग्रजांकडे गेला आणि या लोकांचा सामना इंग्रजी फौजेशी होऊ लागला. इंग्रज त्यांना ‘वहाबी’ म्हणत. त्यांना स्वतःला हे नाव मान्य नव्हते.

सरहद्दीवरची ही वस्ती तिथल्या उत्पन्नावर जगत नव्हती. तिला माणसे आणि पैसा हजारेक मैलांवरून, बंगाल आणि बिहारमधून येत असे. पाटण्याचा सादिकपूर मोहल्ला हे या जाळ्याचे केंद्र होते. गावोगावचे लोक जकात आणि इतर दान देत, ती रक्कम पाटण्याला जमा होई आणि तिथून हुंडीने किंवा सोन्याच्या मोहरांच्या रूपाने पुढे जाई. वाटेत ठिकठिकाणी विश्वासातली माणसे होती. पंजाबातल्या ठाणेसरचे मुहंमद जाफर हे त्यांपैकी एक. ते अर्ज लिहून देण्याचे काम करत, शिवाय गावचे लंबरदार, म्हणजे सारावसुलीची जबाबदारी असलेले गावप्रमुख होते.

१८६३ मध्ये गझन खान नावाच्या एका पोलीस सार्जंटला पंजाबच्या रस्त्यावर काही परके प्रवासी भेटले. त्यांच्या बोलण्यावरून त्याला संशय आला आणि त्याने त्यांना पकडले, पण मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडून दिले. गझन खानाने नाद सोडला नाही. त्याने आपल्या मुलालाच सरहद्दीपलीकडे पाठवले. मुलगा परतला तो ठाणेसरच्या जाफर मुन्शींचे नाव घेऊन. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रजी फौजेने सरहद्दीवर अंबेला मोहीम काढली आणि तीत तिला बरेच नुकसान सोसावे लागले. डिसेंबरमध्ये जाफर यांच्या घराची झडती झाली. ते निसटले, पण अलीगढला पकडले गेले.

१८६४ साली अंबाल्याच्या सेशन कोर्टात सर हर्बर्ट एडवर्ड्स यांच्यासमोर अकरा जणांवर खटला उभा राहिला. त्यात पाटण्याचे मौलवी याह्या अली होते, जाफर होते. इंग्रजी छावण्यांना मांस पुरवणारा श्रीमंत ठेकेदार मुहंमद शफी होता आणि मोहरा पोहोचवणारी साधी माणसेही होती. यांपैकी कोणावरही अंबेल्याच्या लढाईत तलवार चालवल्याचा आरोप नव्हता.

तलवार न उचलता ‘युद्ध’

आता कायदा पाहू. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली होती, म्हणजे खटला चालला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. तिच्या कलम १०७ मध्ये अपप्रेरणेची, म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याला हातभार लावण्याची व्याख्या होती. हा हातभार तीन प्रकारे लागतो. एक, चिथावणी देऊन. दोन, गुन्ह्यासाठी इतरांशी कट करून, मात्र त्या कटाला अनुसरून काही कृती घडली असली पाहिजे. तीन, हेतुपुरस्सर मदत करून. कायद्याने जी गोष्ट करणे बंधनकारक आहे ती मुद्दाम न करणे, हेही या मदतीत येऊ शकते.

सर्वसाधारण गुन्ह्यांत अपप्रेरणेची शिक्षा पुढे काय घडले यावर ठरते. गुन्हा त्या अपप्रेरणेमुळे घडला तर मदत करणाऱ्याला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा, घडला नाही तर पुष्कळ कमी. सरकारविरुद्ध युद्धाच्या कलम १२१ मध्ये मात्र हा फरक ठेवलेला नव्हता. युद्ध करणारा, तसा प्रयत्न करणारा आणि त्याला हातभार लावणारा हे तिघे एकाच वाक्यात, एकाच शिक्षेला पात्र होते. ती शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे त्या काळचे काळे पाणी. त्यामुळे अंबाल्याच्या आरोपींवर युद्ध केल्याचे सिद्ध करण्याची सरकारला गरजच नव्हती. पैसे आणि माणसे पाठवली, आणि ती कशासाठी जात आहेत हे ठाऊक असताना पाठवली, एवढे दाखवणे पुरेसे होते.

यातला ‘ठाऊक असताना’ हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. जकात देणारा शेतकरी आणि मोहरा पुढे पाठवणारा मध्यस्थ या दोघांचाही पैसा अखेर सरहद्दीवरच पोहोचतो. दोघांच्या कृतीचा परिणाम एकच असला तरी शेतकऱ्याच्या मनात फर्ज अदा करण्याखेरीज दुसरे काही नसू शकते. कायदा हेतू मागतो, आणि हेतू डोळ्यांना दिसत नाही. मग तो सिद्ध कसा करायचा?

अंबाल्यात हे काम पत्रांनी केले. विल्यम हंटर याने आपल्या १८७१ च्या पुस्तकात या पत्रव्यवहारातले सांकेतिक शब्द नोंदवले आहेत. लढाईला ‘खटला’ म्हणत आणि अल्लाहला त्या खटल्यातला वकील. सोन्याच्या मोहरांसाठी ‘लाल पक्षी’ असा शब्द होता. हुंड्यांना ‘पांढरे खडे’ म्हणत, आणि पाठवलेली रक्कम पुस्तकांची किंवा मालाची किंमत म्हणून लिहीत. सरकारचा युक्तिवाद सरळ होता. काम निव्वळ दानाचे असेल तर रक्कम लपवायची कशाला? लपवाछपवीवरून हेतू दिसतो, हा तर्क आजही कोर्टात चालतो. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. ज्याने सांकेतिक पत्र लिहिले किंवा ज्याला ते वाचता येत होते, त्याच्याविरुद्ध हा पुरावा बळकट आहे. थैली एका घरून दुसऱ्या घरी पोहोचवणाऱ्या नोकराविरुद्ध तो तितका बळकट नाही. त्याला त्या शब्दांचा अर्थ माहीत होता, हे वेगळे दाखवावे लागते.

एडवर्ड्स यांनी याह्या अली, जाफर आणि शफी यांना फाशी, तर उरलेल्या आठ जणांना काळ्या पाण्याची शिक्षा दिली. सर्वांची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश झाला. म्हणजे ठेकेदार, मौलवी, अर्जनवीस आणि निरोप्या हे सगळे या गुन्ह्याचे भागीदार ठरले. पुढे पंजाबच्या ज्युडिशियल कमिशनरने तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. जाफर यांनी आपल्या उर्दू आत्मकथनात याचे कारण सांगितले आहे. फाशीची शिक्षा ऐकून आरोपी खूश झाले, त्यांना शहादत हवी होती, म्हणून सरकारने ती नाकारली. ‘काला पानी’ या नावाने ओळखले जाणारे हे आत्मकथन साक्षीदार कसे तयार केले गेले, मारहाण कशी झाली, हेही सांगते. जाफर सुमारे अठरा वर्षे अंदमानात होते. याह्या अली तिथेच वारले.

ही माणसे निरागस होती आणि इंग्रजांनी सगळे कुभांड रचले, असे मी म्हणणार नाही. जाळे खरे होते आणि त्याचा उद्देशही खरा होता. आपल्या समाजात हा इतिहास सांगताना अनेकदा एक तर सगळे शहीद ठरतात किंवा सगळे निर्दोष. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर कायद्याचे काय झाले ते.

कृतीची अट गळून पडली

अंबाल्यानंतर पाटणा, मालदा, राजमहाल येथे असेच खटले झाले. ते चालू असतानाच, १८७० साली दंड संहितेत १२१-अ हे नवे कलम आले. आपल्या ओळखीचे राजद्रोहाचे १२४-अ कलमही त्याच कायद्याने आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. या दुरुस्तीमागे वहाबी हालचालींची भीती होती, असे अनेक इतिहासकार मानतात.

१२१-अ ने केलेला बदल दिसायला छोटा होता. सरकारविरुद्ध युद्ध करण्याचा कट हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि कलमाच्या स्पष्टीकरणात सांगून टाकले की कटाला अनुसरून कोणतीही कृती घडलेली असण्याची गरज नाही. म्हणजे कलम १०७ मधली कृतीची अट इथे काढून टाकली गेली. मोहर पाठवली नाही, माणूस रवाना झाला नाही, तरी दोघांचे एकमत झाले तेव्हाच गुन्हा पूर्ण झाला.

दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, याच स्टीफनने पुराव्याचा कायदा तयार केला. त्याच्या कलम १० नुसार काही लोक मिळून कट करत आहेत असे मानायला वाजवी आधार असेल, तर त्यांपैकी एकाने समान हेतूसंबंधी बोललेले, केलेले किंवा लिहिलेले इतरांविरुद्धही विचारात घेता येते. कायद्याच्या पुस्तकात कलमाखाली उदाहरण असते. इथल्या उदाहरणात सरकारविरुद्ध युद्धाचा कट आहे. एक जण युरोपात शस्त्रे मिळवतो, दुसरा कलकत्त्यात पैसा गोळा करतो, तिसरा मुंबईत माणसे वळवतो, चौथा आग्र्यात लेखन प्रसिद्ध करतो आणि पाचवा कलकत्त्यात जमलेला पैसा दिल्लीहून काबूलला पाठवतो. कटात सामील असलेल्या माणसाला यातले काही माहीत नसले, त्या माणसांना तो ओळखतही नसला, तरी हे सगळे त्याच्याविरुद्ध विचारात घेता येते. मी हे उदाहरण पहिल्यांदा वाचले तेव्हा अंबाल्याचा नकाशाच समोर आला. कलकत्ता, दिल्ली, आणि सरहद्दीपलीकडे जाणारा पैसा. भारतातला प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी सव्वाशेहून अधिक वर्षे हे उदाहरण पाठ करत आला आणि ते बहुधा कुठून आले याची त्याला कल्पना नसते.

एकासाठी बनलेले कलम त्याच्यापुरते राहत नाही. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी नाशिक कट खटल्यात मुंबईत ३८ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात हेच १२१-अ वापरले गेले. लंडनमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना त्या खटल्यात एक जन्मठेप झाली आणि १९११ च्या दुसऱ्या खटल्यात जॅक्सनच्या खुनाला अपप्रेरणा दिल्याबद्दल दुसरी. गोळी झाडली गेली तेव्हा ते हजारो मैल दूर होते. पाटण्याच्या मौलवींवर ज्या तत्त्वाने शिक्षा झाली त्याच तत्त्वाने नाशिकच्या तरुणांवर झाली, आणि दोघांना ठेवायची जागाही एकच होती, अंदमान.

१९१२ च्या डिसेंबरात दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला. काही महिन्यांतच, १९१३ मध्ये, कलम १२०-अ आणि १२०-ब आले. आता युद्धापुरताच नव्हे, तर कोणताही गुन्हा करण्याचा करार हाच गुन्हा झाला. जी कृती गुन्हा नाही पण बेकायदा आहे, तिच्या करारासाठी मात्र पुढे काहीतरी कृती घडावी लागते. आज भारतीय न्याय संहितेत अपप्रेरणा कलम ४५ मध्ये आणि कट कलम ६१ मध्ये आहे. आकडे बदलले, गाभा तोच आहे.

मर्यादा कुठे आहेत

नुसता करार हा गुन्हा ठरला की सरकारी पक्षाचे काम सोपे होते, असे वाटेल. पण करार बंद खोलीत होतो. तो पाहिलेला साक्षीदार सहसा मिळत नाही. म्हणून कोर्ट आजूबाजूच्या घटनांवरून तो ओळखते, आणि इथेच संशय पुराव्याच्या जागी बसण्याचा धोका असतो.

एक मर्यादा १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने घातली. मिर्झा अकबर आणि मेहर ताजा यांच्यावर ताजाच्या नवऱ्याचा मारेकऱ्याकरवी खून केल्याचा आरोप होता. खुनापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून चालली. पण अटकेनंतर ताजाने मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला जबाब कलम १० खाली अकबरविरुद्ध वापरता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. कट संपल्यावर त्यातला एक माणूस जे सांगतो, ते त्या कटाचे काम नसते, ती गतकाळाची हकिकत असते.

संसदेवरच्या १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हीच मर्यादा पाळली. तो निकाल मी प्रत्येकाने वाचावा असे म्हणेन, कारण त्यात एकाच आरोपपत्रातल्या चार माणसांचे तीन वेगळे निकाल आहेत. हल्लेखोर सगळे जागीच ठार झाले होते, त्यामुळे खटला फक्त मागे राहिलेल्यांचा होता. अफझल गुरूचा कटातला सहभाग न्यायालयाने मान्य केला आणि फाशी कायम ठेवली. प्राध्यापक एस. ए. आर. गिलानी यांना खालच्या कोर्टाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने सोडले होते. त्यांच्याबद्दल संशयाला जागा आहे, पण संशयावर शिक्षा होत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली. अफसान गुरू यांचीही सुटका कायम राहिली.

सर्वांत बोलका निकाल शौकत हुसेन गुरूचा आहे. तो कटात सामील झाला हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि कटाबद्दलची फाशी रद्द केली. पण बेत त्याला माहीत होता आणि त्याने कळवले नाही, म्हणून कलम १२३ खाली, म्हणजे युद्धाचा बेत लपवल्याबद्दल, त्याला दहा वर्षे झाली. माहीत असणे आणि मान्य करणे या दोहोंमधले अंतर या एका माणसाच्या बाबतीत मोजले गेले. एका बाजूला फाशी होती, दुसऱ्या बाजूला दहा वर्षे.

यातून सामान्य माणसाने नेमके काय लक्षात ठेवावे? ओळख असणे, फोन होणे, एकाच मशिदीत नमाज पढणे, एकाच संस्थेला चंदा देणे यांपैकी काहीही करार नव्हे. गप्प बसणे हेही सर्वसाधारणपणे अपप्रेरणा नव्हे, जोवर बोलण्याची कायदेशीर जबाबदारी नसते. पण गंभीर गुन्ह्याचा बेत कळल्यावर तो लपवणे हा काही बाबतींत वेगळाच गुन्हा ठरतो, हे शौकतच्या निकालाने दाखवले. आणि ज्याला पैसे कशासाठी जात आहेत हे कळते, तो ‘मी तर फक्त पैसे दिले’ असे म्हणून सुटत नाही. हे १८६४ साली अंबाल्यात ठरले, ते आजही तसेच आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘कट’ हा शब्द वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. करार कोणत्या गुन्ह्याचा होता? तो कोणाकोणात झाला? आणि प्रत्येक आरोपी त्यात सामील होता हे दाखवणारी त्याची स्वतःची कृती किंवा शब्द कोणते? ज्या आरोपपत्रात पहिल्या दोनांची उत्तरे पानेच्या पाने असतात आणि तिसऱ्याचे उत्तर नसते, तिथे वकिलाने आणि वाचकानेही थांबायला हवे. जाफर थानेसरींच्या खटल्यात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्रांत मिळाले होते. त्यांच्यासोबत समुद्रापार गेलेल्या निरोप्यांच्या बाबतीत ते किती नीट शोधले गेले, याची शंका मला आजही आहे.